फळ्यामागची बादली

शाळेच्या शताब्दीचा आभारसंदेश दुपारी तीनला छापखान्यात जाणार होता. त्याआधी तो एकदा फळेमामांनी वाचावा, म्हणून भाषेच्या बाईंनी त्यांना बोलावलं होतं. सेवकवर्गातलं जुनं माणूस आता तेवढंच उरलं होतं.

मामा संदेश उभ्यानंच वाचू लागले. संस्थापकांचा एक परिच्छेद, शिक्षकांचा एक, माजी विद्यार्थ्यांचा एक. शिक्षक दोनशेच्या वर, म्हणून त्यांची नावं नव्हती. एखादं राहिलं तर जन्माचा रुसवा. सेवक मात्र हजेरीपटांत नऊच सापडले, तेव्हा ती नावं सगळी घातली होती. मामांच्या नावापुढे लिहिलं होतं : अडतीस वर्षं शाळेचे सर्व फळे काळेभोर ठेवणारे.

"हे चुकलंय," मामा म्हणाले.

"नाव?"

"वर्षं. मी सत्तावीस रंगवले."

"सेवापुस्तकात नोकरी अडतीस वर्षं आहे, मामा."

"नोकरी असेल. पहिली अकरा फाटकावर गेली. फाटकाला काळा रंग देत नाहीत."

बाई हसल्या. "कमी करून घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहते. मग ती अकरा वर्षं कुणाची?"

"थोरल्या शिपायांची." मामा बोलले खरे, पण जीभ जरा अडखळली.

फळा रंगवायची एक रीत होती. सुट्टीत तो भिंतीवरून उतरवायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, मग काजळी आणि सरस कालवून पहिला हात आडवा, दुसरा उभा. वाळला की मागच्या बाजूला वर्ष लिहून आपली खूण करायची. मामा वळले आणि अडगळीच्या खोलीकडे निघाले. बाई घड्याळ बघत मागे गेल्या. एक वाजला होता.

जुने लाकडी फळे भिंतीला टेकून होते. मामांनी पहिला उलटा केला. खाली त्यांच्या सत्तावीस ओळी. वर अकरा, प्रत्येकीत वर्षाचा आकडा आणि शेजारी एक छोटी बादली, कडीसकट.

"ही थोरल्यांची खूण?" बाईंनी विचारलं.

"इतकी वर्षं मी तेच धरून चाललो." मामा खाली बसले. "पण तो माणूस हजेरीपटावर शेपटी काढून सही करायचा. तो बादली कशाला काढेल?"

त्यांनी दुसरा फळा उलटला, तिसरा. सगळीकडे बादली. मग पुढची बाजू उजेडाकडे धरली आणि जिथे त्यांचे थर उडाले होते तिथे नखानं चाचपलं. खालचा थर गुळगुळीत, एक ओघळ नाही. "माझ्यापेक्षा साफ हात आहे," मामा म्हणाले. हे त्यांना फारसं आवडलं नव्हतं, पण खोटं बोलायची सोय नव्हती.

थोरल्यांची मुलगी याच शाळेत शिकलेली, निवृत्त परिचारिका, माजी विद्यार्थ्यांच्या समितीवर. ती शेजारच्या खोलीत निमंत्रणांवर पत्ते चिकटवत होती. मामांनी तिला फळ्यापाशी आणलं.

"ताई, तुझ्या वडिलांनी बादली का काढली?"

ती वाकून पाहत राहिली. "बाबांनी नाही. त्यांना काजळीनं दम लागायचा. पाणीवाल्या मावशी करायच्या. बाबा दाराबाहेर बसून नुसत्या सूचना द्यायचे, आणि मावशी म्हणायच्या, 'तोंड चालवायला दम बरा पुरतो.'"

मावशी रोजंदारीवर होत्या. हजेरीपटात त्या कुठून येणार? मामांना त्या आठवत होत्या. त्यांच्या हातचं पाणी अकरा वर्षं प्यायले होते.

"त्यांचं नाव काय?" बाईंनी पेन उघडलं.

ताईनं मामांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"सगळे मावशीच म्हणायचे," ताई म्हणाली.

"पण तुमच्या बाबांच्या नावाला कमीपणा येईल," बाई अडखळल्या.

"बाबांनी घंटा वाजवली, ती लिहा. दुसऱ्याचं कशाला?"

मुख्याध्यापिकांची सही आधीच झाली होती, म्हणून नवा कागद काढून पुन्हा घ्यावी लागली. त्यांनी विचारलं, नाव नसलेल्या बाईचे आभार कसे मानायचे? मामा म्हणाले, "खूण छापा. तिनं केली तशीच."

बाईंनी फळ्याचा फोटो काढून छापखान्याला पाठवला. अडीचला मोबाईलवर नमुना आला. नऊ नावांखाली दहाव्या जागी बादली, आणि ओळ : अकरा वर्षं शाळेचे सर्व फळे रंगवणाऱ्या पाणीवाल्या मावशी. यांचं नाव आम्हाला माहीत नाही. कुणाला माहीत असल्यास शाळेला कळवावं.

मामांच्या नावापुढे आता सत्तावीसच होतं. ते त्यांनी आधी तपासलं. मग चष्मा वर करून बादलीकडे पाहिलं.

"कडी गेलीय."

"मामा, पंचवीस मिनिटं राहिलीत."

"कडीशिवाय ती उचलायची कशी?"

बाईंनी छापखान्याला फोन लावला. मामा परत अडगळीत गेले. अजून सहा फळे उलटायचे राहिले होते. कुठेतरी एखादं अक्षर असेलही.