हॅम्बुर्गच्या तीन ओळी
इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या मार्केट रिसर्चच्या ऑफिसात युरोपची आकडेवारी नट्स या पद्धतीने तीन पातळ्यांवर लावायची होती. जर्मनीत पहिल्या पातळीवर राज्यं, दुसरीवर विभाग, तिसरीवर जिल्हे. नव्याने लागलेल्या सोलापूरच्या मुलीने शीटमध्ये हॅम्बुर्ग तीनदा टाकलेलं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

"डोळे मिटून कॉपी-पेस्ट करतेस का?" मी अख्ख्या हॉलसमोर ओरडलो आणि त्यातल्या दोन ओळी उडवल्या. ती काहीतरी सांगणार होती. मी "खलास" म्हणून हात झटकला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यांच्या तक्त्यात हॅम्बुर्गच सापडेना. तेव्हा कुठे मी कोडची यादी उघडली: डीई६, डीई६०, डीई६००. ते शहरच एक राज्य आहे आणि नट्समध्ये त्याचे आणखी तुकडे पडत नाहीत, म्हणून तिन्ही पातळ्यांवर तेच येतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी हळूच सॉरी म्हणालो.

"सर," ती म्हणाली, "ओरडताना तुम्ही लिफ्टची वाट पाहिली नव्हती."

हॉलमध्ये मी ते कधीच बोललो नाही. तिच्या सेंड-ऑफच्या दिवशीही नाही, माईक माझ्याच हातात होता तरी.