सातवं वाक्य

सुंदरी माझ्या दुकानात बारा वर्षं काम करते. तंजावूरच्या बसस्टँडमागे माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मशीन माझं आणि डोकं तिचं, असं गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर म्हणतात. घरी ती आमच्यासारखीच तंजावरी मराठी बोलते, पण शाळा तमिळमध्ये झाली. देवनागरी अक्षर तिला वाचता येत नाही. मला येतं, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा आहे.

बारा वर्षांत तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ते एकदाच दिलं. ती हकिकत सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

तिरुवैयारुला कावेरीच्या एका घाटाची देखभाल आमच्याच लोकांचा एक ट्रस्ट करतो. महाराष्ट्रातून रामेश्वरला निघालेल्या यात्रेच्या बसगाड्या हल्ली तिथे स्नानाला थांबतात. वरून धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. सूचना लाऊडस्पीकरवर तमिळमध्ये होते, ती त्या लोकांना कळत नाही. म्हणून ट्रस्टनं घाटावर भोंगा बसवला आणि इंग्रजी-मराठी फलक लावायचं ठरवलं. तमिळ फलक आधीपासून होताच. नव्या फलकाची चार बाय तीन फुटांची लोखंडी चौकट वेल्डरनं रोवूनसुद्धा झाली होती. फलक छापायच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन बस यायच्या होत्या आणि त्याच आठवड्यात पाणी सुटणार होतं.

इंग्रजी मजकूर आधी आला. सात वाक्यं. मराठी भाषांतर सीतारामराव करत होते. ते निवृत्त शिक्षक, एकेक शब्द तोलून लिहिणारे, त्यामुळे उशीर. तोवर आमच्या दुकानाची जुनी खोड आम्ही केली. सुंदरीनं फलकाचे उभे दोन सारखे भाग पाडले, डावीकडे इंग्रजी ओतलं आणि उजवीकडे एका लग्नपत्रिकेतला मराठी मजकूर तेवढ्याच ओळींत भरून ठेवला. खाली विश्वस्तांची नावं आणि फोटो यांची जाडजूड पट्टी. ट्रस्टचे सेक्रेटरी एकोजीराव यांनी बघितलं, "झोकात आहे," म्हणाले आणि सही करून गेले. उजवीकडे कुणाचं तरी शुभमंगल चाललंय हे त्यांना कळलं नाही. मला कळलं होतं, मी हसलो.

सीतारामरावांचा मजकूर सकाळी अकराला आला. सुंदरीनं तो त्याच चौकोनात टाकला, कागदावर नमुना काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी वरच्या तीन ओळी वाचल्या, "सरि, ठीक आहे, छाप," म्हटलं आणि फोन घेतला.

ती हलली नाही. बोटानं कागदावर काहीतरी मोजत होती.

"अण्णा, इंग्लिशमध्ये सात फुल स्टॉप आहेत," ती म्हणाली. "इकडे सहाच दिसतात."

मी कागद ओढून घेतला. शेवटचं वाक्य नव्हतंच. मराठी इंग्रजीच्या चांगलं सव्वापट लांब झालं होतं. चौकोन भरला, आणि उरलेलं वाक्य संगणकानं चौकोनाखाली मुकाट्यानं गडप केलं होतं. ते वाक्य होतं: 'भोंगा वाजला की सामान तिथेच सोडा आणि लगेच पायऱ्या चढून वर या.' बाकीची सहा वाक्यं साबण, कपडे, कचरा आणि खोल पाणी यांबद्दल होती.

आणि तरी मी काय म्हणालो? "अक्षर बारीक कर. बसेल."

तिनं करून दाखवलं. मराठी अक्षर इंग्रजीशेजारी अगदीच बारीक दिसू लागलं. मी म्हटलं, मग ओळी जवळ घे. तिनं घेतल्या. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसले. अक्षरं रुंदीला दाबून पाहिली, तर जोडाक्षरांचा गिचका झाला. मी सीतारामरावांना फोन करून म्हटलं, जरा कापा. त्यांनी 'सर्व भाविकांना नम्र विनंती' आणि तीन 'कृपया' काढून टाकले. दीड ओळ वाचली.

"आता यातून काढलंत, तर माणूस काढल्यासारखं होईल," ते म्हणाले.

साडेबारा वाजले होते. तीनला छापून, चारच्या बसनं फलक जायला हवा होता. तेवढ्यात एकोजीराव स्वतःच आले.

"दोन्ही भाषा सारख्या जागेत," ते म्हणाले. "सही झालेली आहे. बारीक केलंत तर काय बिघडतं? वाचणारा जवळ येऊन वाचील."

"खरं आहे," मी म्हणालो. असं म्हणताना मला आपण व्यवहारी आहोत असंच वाटत होतं.

सुंदरीनं पडद्याकडे पाहतच विचारलं, "राव, पाण्यातून जवळ कसा येईल?"

एकोजीराव पडद्याजवळ वाकून बघू लागले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मराठी मजकूर आल्याशिवाय मी जागा वाटायला नको होती. जो लांब, तो आधी बसवायचा; आखूड मग कुठेही बसतो. मी उलटं केलं. आता इंग्लिशला चाळीस आणि मराठीला साठ. खालची पट्टीपण मला पाहिजे."

"कोणती पट्टी?" एकोजीरावांनी विचारलं.

"तुमच्या फोटोंची."

मी ओरडलो. गिऱ्हाइकाचा अपमान, बारा वर्षांची चाकरी, जे तोंडाला आलं ते बोललो. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, निघालीच.

"तुम्ही अस्के जण म्हणाल तर मी उद्यापासून येत नाही, अण्णा. पण हे बारीक करून मी छापणार नाही. तुम्ही छापा."

मशीन मला चालवता येत नाही, हे दुकानातल्या भिंतीलाही माहीत आहे. एकोजीराव बराच वेळ पडद्यावरचा स्वतःचा फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "नावं ठेव. एका ओळीत. फोटो काढ."

फोटो गेले. मराठी साठ टक्के जागेत ऐसपैस बसलं, ओळींमध्ये वेलांट्या-उकारांना हवा मिळाली, आणि सातवं वाक्य तिनं खाली पूर्ण रुंदीभर दोन्ही भाषांत वेगळं घेतलं. मी या वेळी एकूणएक अक्षर दोनदा वाचलं. चारची बस आम्ही धावत गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घाटावर गेलो. ती माझ्याशी बोलत नव्हती. बस आल्या, लोक पाण्यात उतरले. पाणी त्या दिवशी सुटायचं नव्हतं, पण दहाच्या सुमारास तमिळ घोषणा करत गाडी गेली आणि पाठोपाठ भोंगा वाजला. पाण्यातले लोक गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. मग एक म्हातारी कमरेएवढ्या पाण्यातून फलकाकडे बघत मोठ्यानं वाचू लागली, आणि वाचून होण्याआधीच नातवाला दंडाला धरून वर निघाली. तिच्यामागून बाकीचे. तासाभरात खालच्या पाच पायऱ्या दिसेनाशा झाल्या.

म्हातारी ओल्या लुगड्यानं काठावर बसली होती. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, नीट वाचता आलं ना?"

"आलं की," ती म्हणाली. "चष्मा पिशवीत होता. चष्मा घालून का कुणी गंगेत उतरतं?"

सुंदरी शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.