आपांच्या पत्रातलं तेविसावं कलम

सुरैय्या मन्यार यांना आमच्या लॅबमध्ये कोणी मॅडम म्हणत नाही. सगळे आपा म्हणतात. वडिलांचं शहाद्यात बांगड्यांचं दुकान होतं. मुलीनं दुकानात बसावं असं त्यांना वाटायचं, पण मुलीनं धुळ्याला जाऊन लॅबचा कोर्स केला आणि इथल्या धर्मादाय दवाखान्यात लागली. त्याला सव्वीस वर्षं झाली. मी नवनीत, त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं. रोज प्रकाशा गावाहून एसटीनं येतो. उशीर झाला की आपा घड्याळाकडे बघतात, बोलत काही नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिलेल्या परवडल्या.

दरवर्षी शिकाऊ मुलं-मुली आली की आपा त्यांना एक पत्र देतात. 'नवीन शिकाऊंस' असं वर, खाली बावीस कलमं. छापील प्रत देत नाहीत. पत्र समोर ठेवतात आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या हातानं उतरवून घेतात. हातानं लिहिलेलं हातात राहतं, असं त्यांचं म्हणणं. पोरं मान खाली घालून लिहितात आणि मनातल्या मनात आपांना काय काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मीही म्हटलं होतं.

पत्र मात्र चोख. प्लेटमध्ये वाढलेले जंतू म्हणजे पेशंटच्या अंगातून काढून आपण पोसलेला आजार आहे, हे पहिलंच वाक्य. मग कलमं. पेन तोंडात धरू नये. बेसिनमध्ये काही ओतू नये. सांडलं तर आधी आरडाओरडा करून सगळ्यांना बाजूला करावं, मग जंतुनाशक ओतून ठरलेली मिनिटं थांबावं, लाज वाटून फडक्यानं पुसून टाकू नये. टाकायच्या प्लेट्सची पिशवी दोन तृतीयांशच भरावी आणि वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, ऑटोक्लेव्हमध्ये, तिचं तोंड सैल ठेवावं, कारण आत वाफ शिरली नाही तर वरून पिशवी गरम आणि आत जंतू जिवंत. एकशे एकवीस अंशाला पोचल्यावरच मिनिटं मोजायला लागावं. पिशवीला चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेषा आल्या म्हणजे गरम झालं एवढंच कळतं, मेलं हे कळत नाही. त्यासाठी आठवड्याला चिवट बीजाणूंची कुपी आत ठेवून ते मेले का ते बघावं. एवढं सगळं झाल्यावर मगच माल पिवळ्या पिशवीत आणि कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याच्या ताब्यात.

सगळं होतं. फक्त वासाबद्दल एक अक्षर नव्हतं.

याचं कारण आपांचं नाक. पूर्वीच्या माणसांना प्लेटचं झाकण किंचित उचलून वास घ्यायची सवय असे. एक जंतू पिकलेल्या द्राक्षासारखा वास देतो, एक सडक्या मासळीसारखा. आपा झाकण उचलून नाक लावायच्या आणि रिपोर्टच्या एक दिवस आधी डॉक्टरांना फोनवर सांगायच्या. चुकत नसत. त्या नाकाचं दवाखान्यात फार कौतुक होतं. प्लेट टाकायच्या आधीही शेवटचा वास घ्यायच्या, पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तशा. ही पद्धत धोक्याची आहे, जगभर बंद झाली आहे, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आपण पाळत नाही ते दुसऱ्याला कसं लिहायचं, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. सवय सोडण्याइतका मात्र नव्हता. आणि मी? मला उगाच तोंडी लागायचं नव्हतं.

फेब्रुवारीत मगन नावाच्या एका शेतकऱ्याचं रक्त आलं. कागदावर एवढंच: तीन आठवडे ताप. त्याच्या गोठ्यातल्या म्हशीनं महिन्यापूर्वी रेडकू टाकलं होतं आणि यानं उघड्या हातांनी ते ओढून काढलं होतं, हे कागदावर नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. रक्ताच्या बाटलीत चौथ्या दिवशी काहीतरी वाढलं. ते प्लेटवर घेतलं. एक दिवस प्लेट कोरी. दुसऱ्या सकाळी बारीक बारीक ठिपके, मोहरीपेक्षाही लहान.

मी शेजारच्या टेबलावर होतो. आपांनी झाकण उचललं, नाकाशी नेलं, म्हणाल्या, "वास काहीच नही. रुपा, याची स्लाइड कर."

रुपा त्या वर्षीची शिकाऊ. हुशार, घाईची, आपांची भक्त. आपा चष्मा कपाळावर चढवतात म्हणून हीही चढवायची. तिनं स्लाइड केली, प्लेटचं काम संपलं असं समजून ती टाकायच्या पिशवीकडे नेली आणि पिशवीत घालण्याआधी झाकण उचलून चांगला लांब श्वास घेतला. गजराबाई तिथेच फरशी पुसत होती.

अकराच्या सुमाराला आपा मायक्रोस्कोपवर बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत. मला बोलावलं. भिंगाखाली तांबूस रेतीसारखे बारीक कण पसरले होते. आपांच्या ओठांचा रंग गेला होता. गुरांकडून माणसाला होणारा ताप, ब्रुसेला. लॅबमधल्या माणसांना वासातून, उडालेल्या बारीक थेंबांतून लागणाऱ्यांत हा सगळ्यात कुप्रसिद्ध.

"ती प्लेट कोठे शे?"

"पिशवीमा टाकी दिधी, आपा," रुपा म्हणाली.

"उघडी करी व्हती का?"

"वास लिधा फक्त."

आपा कडाडल्या. इतकी वर्षं पत्र कशाला देते, लिहून घेते ते काय बोटं दुखावीत म्हणून? रुपा रडायच्या बेतात होती, पण तिनं आपली वही आणली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

"पत्रमा कोठे शे, आपा? तुम्ही बी त रोज लेतस."

मला त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं. आपांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वही हातात घेतली, बावीस कलमं वाचली, आपणच लिहिलेली, आणि वही परत दिली.

मग मात्र त्यांनी काम असं केलं की बघत राहावं. खोली रिकामी केली. हातमोजे, मास्क चढवून पिशवीतली प्लेट स्वतः काढली, टेप लावून बंद केली, पुढचं सगळं हवा गाळून घेणाऱ्या बंद कपाटात. नमुना तीन वेष्टनांत घालून मोठ्या लॅबला गेला. चार दिवसांनी नक्की झालं. मग बाटली, प्लेट्स, ती पिशवी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, आणि आपा त्या यंत्रासमोर घड्याळ धरून शेवटच्या मिनिटापर्यंत उभ्या. मगनचे उपचार सुरू झाले. तो सुधारत गेला.

संपर्कात आलेल्यांची यादी पहिल्याच दिवशी झाली होती. आपांनी लिहिली: रुपा, नवनीत, गजराबाई. यादीतल्या प्रत्येकाला आजार होऊ नये म्हणून तीन आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या, चोवीस आठवडे रोज ताप मोजायचा, दर सहा आठवड्यांनी रक्त. यादीवर दुसरी सही लागते. कागद माझ्यासमोर आला. सकाळी त्या प्लेटला पहिलं नाक कोणाचं लागलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं नाव लिहिलं असतं तर सव्वीस वर्षांच्या सुपरवायझरनं उघड्या टेबलावर वास घेतला, हे दवाखान्याच्या दफ्तरात गेलं असतं. आपा खिडकीबाहेर बघत होत्या. मी सही केली.

गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. गजराबाई घाबरून सांगत आली, "नवनीतभाऊ, मी मरस का?" आम्ही हसलो. पण रोज दुपारी थर्मामीटर तोंडात धरून तिघं ओळीनं बसलो की हसू यायचं नाही. हा ताप घाईत नसतो. कधी दोन आठवड्यांनी येतो, कधी पाच महिन्यांनी. रुपाचं अंग जरा दुखलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपा तिच्या तक्त्यावर आकडे भरायच्या, आणि मी आपांकडे बघायचो.

मे महिना. शहाद्यात त्रेचाळीस अंश. रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. अशा एका दुपारी चारला आपा स्टोअरमधून बाहेर आल्या, अंगात लोकरीचा स्वेटर. दात वाजत होते.

"एसीनी थंडी वाजी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या.

एसी मार्चपासून बंद पडला होता.

मी तरी गप्प. लाज वाटते लिहायला, पण गप्प. आणखी आठ दिवस. दुपारी स्वेटर चढायचा, संध्याकाळी घामानं भिजून उतरायचा. एका सकाळी त्यांना खुर्चीतून उठता येईना, कंबर धरली होती. तेव्हा रुपानंच, कोणाला न विचारता, त्यांचं रक्त काढलं. काढताना आपा विरोध करीनात. रिपोर्ट आला. ज्याची आम्ही रुपामध्ये वाट बघत होतो, ते आपांमध्ये निघालं.

सहा आठवडे उपचार चालले. आपा लंगडत कामावर आल्या. ऑगस्टमध्ये रुपाची शेवटची तपासणी झाली, स्वच्छ. गजराबाईची आणि माझीही. त्याच आठवड्यात नवीन शिकाऊ आले, पाच जण, आणि आपांनी पत्र समोर ठेवलं. तेविसावं कलम जास्तीचं होतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण आपांचा आवाज बसला होता:

"प्लेट नाकाशी नेऊ नये. हे पत्र लिहिणाऱ्या बाईनं नेली. शिकाऊ मुलीनं तिचं बघून नेली. संपर्काच्या यादीत मुलीचं नाव लिहिलं, बाईनं स्वतःचं लिहिलं नाही, म्हणून मुलगी वाचली आणि बाई आजारी पडली. यादीतून नाव लपवणारा जंतूला घरात घेतो."

पोरं लिहायची थांबली. मी कागद खाली ठेवला. मग आपांना हळूच म्हटलं, "दुसरी सही मन्ही व्हती. ते बी टाका."

"तुन्हं तू लिख," आपा म्हणाल्या.

पाचांपैकी एका मुलीनं विचारलं, "आपा, आता बऱ्या आहात ना?"

"हो ना," त्या म्हणाल्या आणि ओढणी खांद्यांवर गच्च ओढून घेतली. बाहेर उकाडा होता, पंखा जोरात फिरत होता, बाकी सगळ्यांच्या कपाळावर घाम होता. हा आजार उलटतो. औषधं पूर्ण घेतली तरी काहींमध्ये उलटतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी कपाटातून थर्मामीटर काढला आणि पाचही पोरांच्या देखत त्यांच्यापुढे धरला. आपांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मी हात मागे घेतला नाही. शेवटी त्यांनी तो जिभेखाली धरला आणि आम्ही सगळे थांबलो.

ताप एकशे एक पूर्णांक चार निघाला. तापाच्या नोंदींचं रजिस्टर उघडून मी त्यांचं नाव लिहिलं.