यादोरावांचा अर्धा गोळा

यादोराव बिसेन गोंदियाच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर होते. मी तिथेच मिस्त्री होतो. सुतारकाम, पत्र्याचं काम, दुरुस्ती, सगळं माझ्याकडे. ही गोष्ट १९५६-५७ सालची. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता.

यादोराव नवेगाव बांधजवळच्या खेड्यातले. घरी धानाची शेती. त्यांची नोकरी तात्पुरती होती. कॉलेजने लेखी कळवलं होतं की जून सत्तावन्नपर्यंत एम.एस्सी. झाली तर कायम करू, नाही तर जागा रिकामी समजू. लेखी पेपर ते पास झाले होते. राहिला होता फक्त प्रबंध. बायको निर्मलाबाई गावी सासऱ्यांजवळ होत्या. जागा कायम झाल्यावर खोली घेऊन त्यांना आणायचं, असं ठरलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

प्रबंधाचा विषय त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावला. तसा त्यांचा स्वभाव होता. ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याला काम कशासाठी ते सांगायचे. सगळीकडे सारखं विद्युतक्षेत्र आहे. त्यात धातूचा गोळा ठेवला आणि तो तारेने जमिनीला जोडला. आता गोळ्याभोवती प्रत्येक जागी विभव, म्हणजे विजेचा दाब, किती? गणिताने काढायचं आणि मोजून ताडायचं.

गणिताची युक्ती त्यांनी मी कानस चालवत असताना सांगितली. विभव दोन गोष्टींवर अवलंबून असतं, गोळ्याच्या मध्यापासूनचं अंतर आणि क्षेत्राच्या दिशेशी होणारा कोन. दोन्ही एकत्र असताना समीकरण सुटत नाही. म्हणून असं धरायचं की उत्तर हा दोन तुकड्यांचा गुणाकार आहे. एका तुकड्यात फक्त अंतर, दुसऱ्यात फक्त कोन. मग समीकरण दोन भागांत वेगळं होतं आणि प्रत्येक भाग स्वतंत्र सुटतो. अशी उत्तरं एक नाही, पुष्कळ मिळतात. शून्य क्रमांकाचं, एक क्रमांकाचं, दोन क्रमांकाचं, पुढे कितीही. त्यांची बेरीज करायची आणि अटी लावायच्या. फार दूर गोळ्याचा परिणाम उरत नाही, ही एक अट. गोळ्याच्या अंगावर विभव शून्य, ही दुसरी. अटी लावल्या की एक क्रमांकाचं तेवढं शिल्लक राहतं, बाकी गळून जातात.

"शून्य नंबरचं काऊन गळते?" मी विचारलं होतं. त्यात कोन नसतो, एक स्थिर आकडा आणि एक अंतराने भागलेला, एवढं त्यांनी आधी सांगितलं होतं.

"गोळा मधोमध आहे ना गा. मधोमध विभव शून्यच राहते. मग त्या पदाले कामच नाही." त्यांनी वहीत त्या पदावर रेघ मारली.

मोजणीसाठी प्रयोगशाळेमागे विटा-सिमेंटची टाकी बांधली. समोरासमोरच्या दोन भिंतींना तांब्याचे पत्रे. टाकीत पाणी. पत्र्यांना ट्रान्सफॉर्मरचा कमी दाबाचा वीजप्रवाह, आणि त्या पुरवठ्याचा मधला बिंदू जमिनीला जोडलेला. पूर्ण गोळा लागत नव्हता. अर्धा गोळा पाण्यात बुडवून त्याची कापलेली बाजू पाण्याच्या पातळीला ठेवली की पुरते, कारण वरचा अर्धा खालच्यासारखाच असतो. त्या अर्ध्या गोळ्यालाही जमिनीची तार.

गोळा मी केला. जाड तांब्याचा पत्रा सागाच्या साच्यावर ठोकून, मग कानस, मग वाळू, मग राख. त्रिज्या पाच सेंटिमीटर. पत्र्याचा फर्मा कापून तो गोळ्यावर सगळ्या बाजूंनी फिरवला आणि उजेडाकडे धरला. फर्मा आणि गोळा यांच्यामधून उजेडाची रेघ कुठेही दिसली नाही. या कामाला तीन आठवडे लागले. टाकीची एक भिंत गवंड्याने ओळंब्यात घेतली नव्हती. तिथला पत्रा सरळ उभा राहावा म्हणून मी त्याच्यामागे दोन सेंटिमीटर जाडीच्या सागाच्या पट्ट्या बसवल्या. मग दोन भिंतींमधलं अंतर मोजलं, निम्मं केलं, आणि बरोबर तिथे गोळा टांगला. आडवी फळी, चार स्क्रू. हलणार नाही असा.

मोजताना यादोराव सुई पाण्यात धरायचे आणि तबकडी फिरवायचे. कानाला लावायचं यंत्र माझ्या कानाला. तबकडीचा आकडा सुईच्या जागेच्या विभवाशी जुळला की गुणगुण थांबायची आणि मी हात वर करायचो. मग ते आकडा सांगायचे. ते वहीत लिहायचे, मी शेजारच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलने. ती माझी सवय होती, केलेल्या कामाची खूण फळीवर ठेवायची.

गोळा नसताना पत्र्याकडे एक सेंटिमीटर सरकलं की विभव दहा भागांनी बदलावं, असं माप होतं. गोळ्याच्या मध्यापासून दहा सेंटिमीटरवर गणिताने दोन्ही बाजूंना साडेसत्त्याऐंशी भाग यायला हवे होते. एका बाजूला साडेब्याण्णव आले. दुसऱ्या बाजूला साडेब्याऐंशी. आणि आडव्या बाजूला, जिथे शून्य हवं होतं, तिथे पाच.

यादोराव म्हणाले, गोळा गोल नाही. मी फर्मा आणून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. जास्त आकडा येणारी बाजू घासा म्हणाले. मी घासली. फर्म्यातून उजेड दिसायला लागला, आकडा मात्र अर्धा भागही हलला नाही. मग दुसरा गोळा केला. पुन्हा तीन आठवडे. तेच आकडे. मग तिसरा. त्या वेळी माझ्या उजव्या तळव्याची कातडी निघाली होती. काम वाया जातं आहे हे मला कळत होतं. ते कशाने वाया जातं आहे, हे कळत नव्हतं.

गोळा फिरवून उलटा टांगून पाहावा, एवढं साधं आम्हा दोघांना सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं. दरवाजा अडतो तेव्हा दोष दाराचा की चौकटीचा, हे आम्ही असंच बघतो.

जानेवारीत यादोराव बोलायचे कमी झाले. एक दिवस म्हणाले, "झालं मिस्त्री. जुळलं." मला बरं वाटलं. तिसऱ्या गोळ्यालाही तेच आकडे आले होते, म्हणून त्यांना गणितात कारण सापडलं असं मी धरलं. त्यांनी प्रबंध टंकलिखित करून नागपूरला पाठवला. गावी पत्र टाकलं की जूनमध्ये न्यायला येतो.

एप्रिलमध्ये नागपूरहून परीक्षक आले. वयस्क गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी टाकी भरायला लावली आणि स्वतः दोन ठिकाणी सुई धरली. यंत्र माझ्या कानाला होतं. ब्याण्णव आणि त्र्याऐंशी. त्यांनी दोन्ही आकडे टिपून घेतले. मला म्हणाले, गोळा अर्धा फेरा फिरवून टांगा. मी टांगला. आकडे जिथल्या तिथे.

मग त्यांनी टेप मागितला. गोळ्याच्या मध्यापासून एका पत्र्यापर्यंत शेहेचाळीस सेंटिमीटर. दुसऱ्यापर्यंत चव्वेचाळीस.

मी भिंतींमधला मध्य काढला होता. पत्र्यांमधला नव्हे. एका पत्र्यामागे माझ्याच पट्ट्या होत्या.

परीक्षक फळ्याकडे गेले. यादोरावांनी गाळलेलं शून्य क्रमांकाचं पद त्यांनी लिहिलं. म्हणाले, गोळा एक सेंटिमीटर सरकलेला आहे, म्हणून त्याच्या जागी मूळ विभव शून्य नाही, दहा भाग आहे. गोळा जमिनीला जोडलेला, म्हणजे त्याला शून्यावर यावंच लागतं. त्यासाठी तो तारेतून विद्युतभार ओढून घेतो. त्या भाराचं हे पद. दहा सेंटिमीटरवर ते पाच भाग भरतं. एकीकडे साडेसत्त्याऐंशी अधिक पाच, दुसरीकडे उणे पाच, आडवं नुसतं पाच. टाकीच्या भिंतींमुळे थोडं इकडेतिकडे.

मी ऐकत उभा होतो. ते फळ्यावर लिहीत होते ते आमचेच आकडे होते.

ते यादोरावांकडे वळले. "बिसेन, तुमच्या प्रबंधात दोन्ही बाजूंना साडेसत्त्याऐंशी आहे, आडवं शून्य. ते कसं?"

यादोराव म्हणाले, तेव्हा गोळा मधोमध असेल. नंतर सरकला असेल.

परीक्षकांनी मान हलवली. असं होतं, म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला वाटतं, ते सही करणार होते.

मी तीन गोळे केले होते. तिन्ही वेळा चार स्क्रू मी स्वतः आवळले होते. सरकला हा शब्द मला सहन झाला नाही. आणि मला खरंच वाटलं की मी त्यांच्याच बाजूने बोलतो आहे. आकडे बरोबर होते, हे आत्ताच फळ्यावर सिद्ध झालं होतं.

"साहेब, सरकला नाही," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून हेच आकडे येऊन राहिले." आणि मी पेन्सिलने आकडे लिहिलेली ती फळी आणून टेबलावर ठेवली.

तारखा होत्या. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. साडेब्याण्णव, साडेब्याऐंशी, पाच. प्रत्येक गोळ्याच्या नोंदीखाली तेच.

परीक्षकांनी फळी वाचली. प्रबंधाचं पान उघडलं. पुन्हा फळी वाचली. यादोराव माझ्याकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते.

"जे दिसलं तेच लिहिलं असतं," परीक्षक म्हणाले, "तर कारण सापडलं नसतं तरी मी पास केलं असतं." त्यांनी टोपण लावलं.

प्रबंध नापास झाला. शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवाराने आकडे बदलले, तरी तीन वर्षांच्या आत नव्याने मोजणी करून पुन्हा सादर करता येईल. जूनमध्ये जागा गेली. जुलैत तिथे रायपूरचा एक मुलगा आला.

मी नोव्हेंबरात यादोरावांच्या गावी गेलो. बसने नवेगाव बांधपर्यंत, पुढे पायी. धान कापणी चालू होती. ते बांधावर पेंढ्या बांधत होते. निर्मलाबाईंनी मला पाणी दिलं. मी नाव सांगितलं. ते त्यांना आधीच माहीत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसलं.

पट्ट्यांची चूक माझी होती, हे मी सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे. मग मी म्हणालो की टाकी पुन्हा नीट करतो, पत्र्यापासून पत्र्यापर्यंत मोजतो, रविवारी येऊन काम करू, प्राचार्य हरकत घेणार नाहीत.

ते पेंढी बांधत राहिले.

"फळी आणाच्या आधी मले एक डाव काऊन नाई इचारलं गा?"

मी एक पेंढी ओढून घेतली आणि बांधू लागलो.

"तू खोटं नाई बोलला," ते म्हणाले. "तुह्यावर राग नाई. पण आता मी मोजीन ना, तर जो आकडा येईन तो मलेच खरा वाटणार नाई. जुळला तरी नाई, नाई जुळला तरी नाई. मग कायले मोजू?"

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्यासोबत पेंढ्या बांधल्या. दोघांनी मिळून अर्ध्या बांधीचं, म्हणजे धानाच्या एका तुकड्याच्या निम्म्याचं, काम केलं. ते चांगले बांधत नव्हते. गाठ सैल राहायची, पेंढी उचलली की सुटायची, आणि ते ती पुन्हा बांधायचे नाहीत, तशीच टाकायचे.

तीन वर्षांची मुदत एप्रिल साठमध्ये संपली. फेब्रुवारीत मी एक कार्ड टाकलं होतं. मार्चमध्ये दुसरं. उत्तर निर्मलाबाईंनी कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, तीन ओळींचं. ते घरीच आहेत, कुठे जात नाहीत, आणि कृपा करून आता पत्र पाठवू नये.