लिंबू डावीकडं घरंगळलं

आमच्या हॉलमधल्या झोक्याचं सांगायचंय. ताईला सातवा लागला होता आणि आईनं डोहाळजेवण आमच्याच घरी, आमच्याच झोक्यावर करायचं ठरवलं होतं. उस्मानपुऱ्यातला आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. हॉल तसा लहान, त्यात हा सहा फुटी सागवानी झोका म्हणजे पाहुण्यांना भिंतीला चिकटून चालावं लागतं. पण डोहाळजेवणाला झोका पाहिजेच, त्याशिवाय फोटो कसले. आईनं साठ बायकांना बोलावणं केलं होतं. साठ बायका कुठं बसणार हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर रविवारी कार्यक्रम आणि त्याच्या आधीच्या रविवारी झोका कुरकुरायला लागला. म्हणजे आधीपासून थोडा कुरकुरायचाच, पण आता मागं गेला की कुई आणि पुढं आला की कुई. बाबांनी उजव्या हुकात खोबरेल तेल सोडलं. मंगळवारपर्यंत रोज सोडलं. तेल साखळीवरून ओघळून फळीवर आलं आणि मी पांढरा ड्रेस घालून बसले. आवाज जिथल्या तिथं.

मंगळवारीच आईनं ओटीची तयारी म्हणून फळीवर लिंबू ठेवलं आणि ते आपापलं डावीकडं निघालं. सावकाश, कुठलीही घाई न करता, आणि खाली पडलं. आईनं पुन्हा ठेवलं. पुन्हा डावीकडं. आई म्हणाली की बाबा रोज डाव्या बाजूलाच बसतात, टीव्ही दिसतो म्हणून, त्यांच्या वजनानं लाकूड दबलं. बाबा म्हणाले सागवान माणसाच्या वजनानं दबत नाय. मग वीस मिनिटं फळी बाजूला राहिली आणि बाबांच्या वजनावर बोलणं चाललं.

बाबा बांधकाम खात्यात होते, म्हणजे क्लार्क होते. पण तिथं राहून त्यांचा असा समज झालाय की सगळे पूल त्यांच्याच टेबलावरून गेल्यामुळं उभे आहेत. त्यांनी लेव्हल आणली, फळीवर ठेवली, आतला बुडबुडा एका बाजूला गेलेला बघून समाधानानं मान हलवली. आमच्या झोक्याला वर छताला दोन हुक आहेत. एकेका हुकातून दोन-दोन साखळ्या खाली येतात आणि फळीच्या चार कोपऱ्यांतून आरपार गेलेल्या आट्याच्या सळ्यांना लागतात. खालून नट. बाबांनी पाना घेऊन डावीकडचे दोन्ही नट चार-चार आटे कसले, डावी बाजू वर आली, बुडबुडा मधोमध, लिंबू जागच्या जागी. बाबांनी सगळ्यांना बोलावून लिंबू दाखवलं. शेजारच्या काकू पण बघून गेल्या.

गुरुवारी सकाळी लिंबू परत डावीकडं.

बाबांनी परत चार आटे कसले, आणि आता नट आट्याच्या शेवटापाशी आला. आणि इथं आमच्या घरानं जे काम केलं ते मला आज सांगताना पण लाज वाटते. डाव्या हुकाची जी लोखंडी प्लेट छताला आहे, तिच्या भोवती बारीक तडा दिसत होता. फोटोत वाईट दिसेल म्हणून आईनं बाबांना सांगितलं की तेवढ्या तुकड्याला पांढरा मारा. बाबांनी स्टुलावर चढून मारला. वरून मी झेंडूचं गोल कडं चिकटवलं, प्लेट पूर्ण झाकली. आणि आई रोज सकाळी फळीवरची पांढरी पूड ओल्या फडक्यानं पुसत होती. त्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, बाबांनी रंग मारलाय तो पडतोय. रंग मारायच्या आधीपासून पडत होती हे तिला आठवलंच नाय. म्हणजे दुखणं दाखवणारी जेवढी खूण होती तेवढी आम्ही तिघांनी मिळून नीट पुसली, रंगवली आणि वर फुलं लावली.

कळलं ते माझ्या मोबाइलमुळं. माळा किती लांब लागतील हे बघायला मी सोमवारी छताचा फोटो काढला होता. गुरुवारी संध्याकाळी फुलवाल्याला पाठवायला दुसरा काढला, त्यासाठी कडं जरा बाजूला सरकवलं. दोन्ही शेजारी ठेवून बघते तर सोमवारी प्लेट छताला चिकटलेली, गुरुवारी प्लेट आणि छत यांच्यात काळी रेघ. झूम केलं. ताज्या पांढऱ्या रंगाला पण गोल चीर गेलेली. मी ताईला दाखवलं. ताई त्याच झोक्यावर, डावीकडंच, पाय सोडून बसून चिंच खात होती. ती उठली. सातव्या महिन्यात माणूस एवढ्या पटकन उठतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

"मी नाय बसत," ती म्हणाली. "मी एकटी असते तर बसले असते. आता दोघं बसतोय."

मग घरात जे सुरू झालं ते काय विचारू नका. आई म्हणाली मंडपवाल्याकडून वेताचा झोका आणू. ताई म्हणाली, दहावीपासून याच झोक्यावर अभ्यास केला, रुसले पण इथंच, लग्न ठरलं ते पण इथंच बसून ऐकलं, बसायचं तर याच्यावर, पण पडायचं नाय. बाबा म्हणाले, उगाच घाबरवू नका, आतमध्ये सगळं मजबूत आहे, मी स्वतः लावलंय. हे ऐकून ताई अजून दोन पावलं मागं सरकली.

शुक्रवारी सकाळी मी फॅब्रिकेशनवाल्या चाचांना घेऊन आले. स्टेशनकडं जाताना त्यांचं दुकान लागतं, आमच्या बाल्कनीची जाळी त्यांनीच केलीय. चाचांनी आधी झोका हलवला, डोळे मिटून आवाज ऐकला. मग साखळी ढिली करून एकेक कडी उलटी करून बघितली. कडी कडीला जिथं टेकते तिथंच झिजते, बाहेरून ती नवी दिसते, असं ते मला दाखवत होते. एक कडी आतून अर्धी खाल्लेली निघाली. ती त्यांनी खिशात टाकली. मग स्टुलावर चढले, माझं झेंडूचं कडं काढून माझ्याच हातात दिलं, प्लेटला हात लावला आणि हलवली. प्लेट हलली. दातासारखी.

बाबा म्हणाले, आवाज उजव्या हुकाचा येतोय, तुम्ही डावीकडं काय करताय.

"साब, आवाज तो अच्छे वाले हुक का है," चाचा वरूनच म्हणाले. "वो स्लॅब के साथ भरा हुआ है, सूखा है इसलिए बोल रा. ये दूसरा कुछ बोल नै रा. चुपचाप उतर रा. इससे डरो."

त्यांनी विचारलं हे कुणी लावलं. आईनं फक्त बाबांकडं बघितलं.

मग हळूहळू निघालं. बिल्डिंग बांधताना स्लॅबमध्ये दोन हुक सोडले होते, आतल्या सळईला अडकवून. पण ते चार फुटी झोक्यासाठी. बाबांनी हौसेनं सहा फुटी फळी आणली, मग डावा हुक सरकवावा लागला, जुना कापून टाकला. बाबांनी कुणाचं तरी ड्रिल आणून नवी प्लेट लावली. ड्रिल करताना मध्येच बिट पुढं जाईना. आत सळई लागली होती. दुसरीकडं भोक पाडायचं सोडून बाबांनी बाजारातून लहान फास्टनर, म्हणजे छतात ठोकून बसवायचे बोल्ट, आणले.

"लहान म्हणजे किती?" आईनं विचारलं.

बाबांनी अंगठा आणि बोट यांच्यात जरा जागा ठेवून दाखवलं. आणि आमच्या छताला प्लास्टरच इतकं जाड, की ते बोल्ट बहुतेक प्लास्टरलाच धरून होते. प्लास्टर दळत होतं, बोल्ट उतरत होते, बाबा खालून नट कसून फळी सरळ करत होते. झोका रोज थोडा खाली येत होता आणि आम्ही रोज त्याला लिंबू लावून शाबासकी देत होतो.

आईनं उरलेलं खोबरेल तेल उचलून आत नेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

चाचांनी उपाय सांगितला तो साधा. छताला खालून धरायचंच नाय. सळया चुकवून स्लॅबच्या आरपार चार भोकं, लांब आट्याचे बोल्ट, गच्चीवर जाड लोखंडी प्लेट, तिच्यावर दुहेरी नट. म्हणजे पडायचं झालं तर वरच्या प्लेटला स्लॅबमधून खाली यावं लागेल. गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून वरून सिमेंटचा मसाला. शुक्रवारी दुपारपर्यंत झालं. हॉलभर सिमेंटचा धुरळा, आईच्या पुरणाच्या डब्यावर पण. उजव्या हुकात त्यांनी ग्रीस भरलं आणि आवाज बंद. झिजलेल्या कडीसकट सगळ्या साखळ्याच बदलल्या.

पण ताई बसेना. ती म्हणाली आधी दुसरं कुणीतरी बसा. बाबा लगेच पुढं झाले. चाचांनी त्यांना थांबवलं. बोलले, माणूस झोका घेतो तेव्हा त्याचं वजन वाढतं, एका माणसानं काय कळणार, दुप्पट-तिप्पट ठेवा आणि दिवसभर राहू द्या.

करमाडच्या शेतातले वर्षाचे गहू नुकतेच आले होते. आम्ही चार कट्टे उचलून झोक्यावर ठेवले, पन्नास-पन्नास किलोचे. शनिवारी अख्खा दिवस ते हॉलमध्ये मोठ्या मानानं बसून होते. चाचांनी पेन्सिलनं प्लेटच्या कडेनं छतावर रेघ मारून ठेवली होती, प्लेट खाली आली तर फट लगेच दिसेल म्हणून. बाबा दर तासाला स्टुलावर चढून रेघ बघायचे आणि उतरायचे. झेंडूच्या माळा तोवर लावून झाल्या होत्या. शेजारच्या काकू आल्या, फुलांनी सजवलेल्या झोक्यावर चार कट्टे बघून जरा थबकल्या आणि आईला म्हणाल्या, "चारही मुलगेच दिसतायत व्हय." संध्याकाळी प्लेट रेघेपाशीच, जागच्या जागी. लिंबू पण.

रविवारी साठ नाय, सत्तर बायका आल्या. ताई हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोक्यासमोर उभी राहिली. आईनं कुंकवाचं बोट आधी झोक्याला लावलं. ताई बाबांकडं बघत होती. बाबा म्हणाले, "बस बाळा. ह्या वेळेस मी नाय लावलेलं." मग ती बसली, आधी अर्धी, मग पूर्ण. आईनं हलका झोका दिला. काहीच आवाज झाला नाय. वाटी उघडली, पेढा निघाला, बायकांनी गाणी म्हटली.

फोटो मात्र बघण्यासारखे आलेत. फोटोवाला सारखा ताई इकडं, काकू इकडं म्हणत होता, पण एकाही फोटोत आमच्या घरातलं कुणी कॅमेऱ्याकडं बघत नाय. ताई वर बघतेय, आई वर बघतेय, बाबा वर बघतायत, मी पण. सासरकडच्यांना वाटलं आम्ही लई भाविक आहोत. मागं कोपऱ्यात चाचा जेवायला बसलेत, आईनं त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. अख्ख्या हॉलमध्ये त्यांनीच एकदाही वर बघितलं नाय. ते पुरणपोळी खात होते.