एका नंबरावरचे एकशे त्रेचाळीस

परीक्षा विभागात तिला सगळे तारीखबाई म्हणत. वेळापत्रक शाखेची ती अधीक्षक. बावीस वर्षं कुठला पेपर कधी, हे तिच्या टेबलावरून ठरत आलं होतं. नवरा म्हणायचा, "हिला लग्नाची तारीख विचारा, आधी कोणती परीक्षा होती ते सांगेल."

स्वतः विद्यार्थिनी असताना ती एकदा संपाच्या दिवशी सात मैल चालून परीक्षा केंद्रावर गेली होती. फाटकाला कुलूप होतं. पेपर पुढे ढकलल्याची सूचना कार्यालयातल्या फळ्यावर लावली होती म्हणे. फळा बघायला कोण जाणार? ती चरफडत सात मैल परत आली. तो दिवस ती कधी विसरली नाही.

त्या सोमवारी सकाळी नदीचं पाणी पुलावर आलं. मंगळवारी अकराला पदवीच्या शेवटच्या वर्षाचा पेपर होता. अडतीस केंद्रांपैकी दोन पाण्यात गेली होती, चारांचे रस्ते बंद होते. परीक्षा नियंत्रक साहेब म्हणाले, "सहा केंद्रांपुरतं पुढे ढकलू. बाकीच्यांचा उद्या उरकून घेऊ."

"साहेब," ती म्हणाली, "प्रश्नपत्रिकांचं पाकीट एका ठिकाणी उघडलं की तो पेपर सगळ्यांसाठी संपला. या सहांना वेगळा पेपर द्यावा लागेल. मग सोपा कुणाचा, अवघड कुणाचा, यावरून वाद. शिवाय चालू केंद्रांवरची निम्मी मुलं पाण्यापलीकडून येतात."

साहेबांनी जिल्हा प्रशासनाला फोन लावला. पाणी आणखी दोन दिवस ओसरणार नाही, असं कळलं. दुपारी निर्णय झाला: मंगळवार आणि बुधवारचे पेपर सर्व केंद्रांवर पुढे ढकलायचे, पाकिटं सीलबंदच ठेवायची.

परिपत्रक तिनेच लिहिलं. कोणते दोन पेपर पुढे गेले आणि बाकीचे ठरल्या दिवशीच होतील, हे सगळ्यात वर, ठळक. नवी तारीख नंतर कळेल, पण परीक्षेच्या किमान आठ दिवस आधी. जुनंच हॉल तिकीट चालेल; ते पाण्यात गेलं असेल तर ओळखपत्र दाखवून केंद्रावर दुसरं मिळेल. साहेबांची सही झाली, परिपत्रकाला क्रमांक पडला. ते संकेतस्थळावर गेलं, केंद्रप्रमुखांना गेलं, रेडिओला गेलं. साडेअठरा हजार मोबाईलवर मेसेज सुटले.

"झालं," साहेब म्हणाले.

"सुटले म्हणजे पोचले असं नाही," ती म्हणाली आणि संगणकावर नंबरांची यादी क्रमाने लावून बसली. एकच नंबर एकाखाली एक येत राहिला. एकशे त्रेचाळीस वेळा. तिने तो फिरवला.

"सायबर कॅफे," पलीकडून आवाज आला. "मॅडम, मेसेजवर मेसेज येतायत. फोन बंद करणार होतो."

"बंद करू नका, भाऊ. फॉर्म भरताना मुलांऐवजी तुमचाच नंबर टाकलात ना?"

तो ओशाळला. "त्यांच्याकडे फोन नव्हते, मॅडम. काहींचा घरात एकच. वही आहे माझ्याकडे, नाव-गावासकट."

"मग वही घेऊन बसा. मी यादी वाचते, तुम्ही गावं सांगा."

दोघांनी यादी वहीशी जुळवून घेतली. बऱ्याच जणांना कॅफेवाल्याने शेजारपाजारच्या फोनवर गाठलं. एकतीस जण पाण्यापलीकडच्या वस्त्यांतले निघाले. ती मंडळी मदत छावणीत हलवली होती. तिने छावणीच्या अधिकाऱ्याला फोन केला.

"बाई, इथे अन्नपाण्याची मारामार, आणि तुम्ही परीक्षेचं काय घेऊन बसलात?"

"एवढंच करा. जेवणाची रांग लावाल तेव्हा भोंग्यावरून ही एकतीस नावं वाचा."

अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. "सव्वीस जण हजर आहेत. एक सून तर पाण्यातून पुलापर्यंत जायला निघाली होती, सासूने धरून ठेवलेली. आता दोघी बसून हसतायत." उरलेले पाच जण नातेवाइकांकडे गेले होते, रात्रीपर्यंत त्यांनाही निरोप गेला.

नवी तारीख काढताना तिने आणखी एक घोळ टाळला. साहेबांनी सुचवलेल्या रविवारी नोकरभरतीची परीक्षा होती; निम्म्या मुलांना एक सोडावी लागली असती. तिने त्यापुढचे मंगळवार-बुधवार धरले, बुडालेली दोन केंद्रं उंचावरच्या शाळांत हलवली, आणि या वेळी मेसेजबरोबर कॅफेवाल्यालाही आधीच फोन केला.

पेपरच्या दिवशी बारा वाजता केंद्रांचे हजेरीचे आकडे येऊ लागले. दरवेळी शेकडा पाच गैरहजर असत. या वेळी दोनसुद्धा नव्हते. तिने त्या एकशे त्रेचाळीस जणांचे बैठक क्रमांक वेगळे काढून ठेवले होते. एकेका केंद्राला विचारत ती खुणा करत गेली. शेवटची खूण झाली तेव्हा अख्खी शाखा तिच्या टेबलाभोवती उभी होती.

"किती?" साहेबांनी दारातून विचारलं.

"एकशे त्रेचाळीस."

साहेब आत आले, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये नंबर तपासूनच पुढे जाता येईल असं करायचं. शिवाय निरोपासाठी दुसरा नंबर, घरच्यांचा किंवा शेजाऱ्यांचा. मसुदा तुम्हीच करा."

"केलाय," ती म्हणाली आणि ड्रॉवर उघडला.

शाखेत हशा पिकला. तिने आधी कॅफेवाल्याला फोन लावला. "भाऊ, सगळे आले," ती म्हणाली, आणि पलीकडे त्याने दुकानातल्या सगळ्यांना ते मोठ्याने सांगितलेलं तिला ऐकू आलं.