तिच्या कामाचं नाव न लिहिता

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे नर्सिंगच्या इंग्रजी मासिकात आपला लेख छापून यावा, ही इच्छा मी बरेच दिवस कुणाला सांगितलीही नाही. गंगापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी, इंग्रजीत लिहिणार काय? पण संभाजीनगरच्या रुग्णालयात लागल्यावर आमच्या ट्यूटर मॅडमनी एकदा सहज विचारलं, "इतके पेशंट बघतेस, त्यातला एक तरी नीट लिहून काढावासा वाटत नाही?" तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच पेशंट आली. मावशी.

मावशी साठीच्या आसपासच्या. आतड्यात अडथळा आला म्हणून तातडीचं ऑपरेशन झालं आणि पोटावर शौचाची वाट काढावी लागली. तिथं कायम पिशवी लावायची. एरवी ही जागा ऑपरेशनच्या आधी पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून ठरवतात. मावशींच्या वेळी तेवढी उसंत नव्हती. घरी गेल्यावर पिशवी रोज गळायला लागली. भोवतीची कातडी लालबुंद सोलवटली. दर तपासणीला आम्ही त्यांना पलंगावर आडवं करून पिशवी लावायचो. ती छान चिकटायची, आणि दुसऱ्या दिवशी घरून फोन यायचा.

एका गुरुवारी, तपासणीच्या दिवशी, मी विचारलं, "मावशी, तुम्ही घरी दिवसभर काय करता?"

"काम करते की. बसून ऱ्हाते व्हय?"

"करून दाखवा."

जमिनीवर चादर अंथरली. मावशी मांडी घालून बसल्या, पुढं वाकल्या आणि रिकाम्या हवेत हात चालवायला लागल्या. मी त्यांच्या पोटाकडे बघायचं विसरून त्या हातांकडेच बघत राहिले. मग पाहिलं. पलंगावर सपाट दिसणाऱ्या पोटाला तिथं खोल घडी पडत होती आणि त्या घडीतूनच चिकटपट्टी सुटत होती. आम्ही घडी पेस्टनं भरली, फुगीर तळाची पट्टी आणली, कमरेला पट्टा दिला, आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची सवय लावली. पिशवी टिकायला लागली. कातडी भरून आली. मावशी पुन्हा कामाला बसल्या.

मॅडम लिहायला सांगत होत्या तो केस रिपोर्ट म्हणजे एवढंच. एका पेशंटची गोष्ट, पण ठरलेल्या चौकटीत: सारांश, प्रस्तावना, रुग्णाची माहिती, तपासणीत काय आढळलं, घटनाक्रम, शुश्रूषा, पुढचा पाठपुरावा, चर्चा, रुग्णाचं स्वतःचं म्हणणं आणि शेवटी संमती. शब्दकोश मांडीवर घेऊन मी सगळं लिहिलं. रुग्णालयाची परवानगी आली. संमतीच्या कागदावर मावशींच्या मुलाची सही घेतली, तीही व्हरांड्यात, दोन मिनिटांत. आमच्याकडं बाईमाणसाच्या कागदावर घरचा पुरुषच सही करतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मॅडमनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"पेशंट शुद्धीत आहे?"

"हो मॅडम."

"बोलते, समजतं तिला?"

"आपल्यापेक्षा जास्त."

"मग मुलाची सही कशाला? पोट त्याचं आहे का? आणि ही ऑपरेशनची संमती नव्हे, छापण्याची आहे. सगळं वाचून दाखव तिला. नाव नसलं तरी ओळखू येणारच नाही अशी हमी देता येत नाही, हे पण सांग. छापण्याआधी कधीही नाही म्हणता येतं, हेही."

पुढच्या तपासणीला मी मावशींना वाचून दाखवलं. इंग्रजीतला एकेक परिच्छेद मराठीत करत गेले. "रुग्णाची माहिती" आली आणि त्यात मी त्यांच्या कामाचं नाव लिहिलं होतं. मावशींनी हात वर केला.

"ह्याच्यावर त्यानं सही केली?"

"हो."

"मला ठाऊक बी नाय."

त्यांनी तो कागद घडी घालून हातातल्या थैलीत टाकला. "इचार करते," म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या तपासणीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या आठवड्यांत मी दर गुरुवारी दाराकडे बघत असे. आधी वाटायचं, सहीसाठी. नंतर कळलं, तसं नव्हतं. मला त्यांचं ते आत येतानाचं "हायेस का गं?" ऐकायचं होतं. ड्रेसिंगच्या टेबलावर बसून त्या मला माझ्या लग्नावरून छळायच्या, डब्यातली चटणी अळणी आहे म्हणून नाक मुरडायच्या. मी लेख पूर्ण करायच्या नादात त्यांना "रुग्णाची माहिती"च्या एका परिच्छेदात कोंबून टाकलं होतं, आणि त्यात त्या कुठंच नव्हत्या.

मग एके दिवशी आल्या.

"काय, सहीसाठी बसली व्हतीस?"

"नाही मावशी. तुमच्यासाठी."

"लई गोड बोलाय लागलीस. शहरात शिकलीस." त्या टेबलावर बसल्या. "हे बघ, छाप. दुसऱ्या बाईचं भलं व्हत असंल तर छाप. पर माझं काम काढ त्यातून."

मी म्हणाले, "मावशी, हवं तर लेखातला तुमच्या पोटाचा फोटोही काढून टाकते."

"फोटो ऱ्हाऊ दे. पोट समद्यांचं सारखंच. काम सारखं नसतंय. आमच्या गावात असलं काम करणाऱ्या बाया किती? घरातल्यांशिवाय कुणाला पिशवीचं ठाऊक नाय. उद्या माल घेणारे म्हणतील, हिच्या हाताचं नको. मग मी काय करू, नुसती बसू?"

मी पेन घेतलं आणि त्यांच्यासमोर ते वाक्य खोडलं. गावही खोडलं. वर लिहिलं, "जमिनीवर बसून, पुढे वाकून करायचे काम". मॅडम साक्षीदार म्हणून उभ्या होत्या. त्यांनी संमतीचा नवा कागद आणि शाईचं पॅड पुढं केलं तर मावशी म्हणाल्या, "अंगठा नाय, सही करते." आणि एकेक अक्षर थांबून थांबून काढलं.

मासिकाकडून लेख तपासणाऱ्याचा शेरा आला, "रुग्णाचा नेमका व्यवसाय लिहावा, लेखाचं मोल वाढेल." त्याचं म्हणणं खरं होतं. मी दोन रात्री ते मनात घोळवत राहिले. मग उत्तर लिहिलं, रुग्णानं या तपशिलाला संमती दिलेली नाही. लेख नाकारतील असं धरून चालले होते. नाकारला नाही. "रुग्णाचं म्हणणं" या शीर्षकाखाली मावशींचं वाक्य छापलं, मी इंग्रजीत केलेलं: मला पुन्हा माझ्या जागेवर बसता आलं.

छापलेला अंक मी वडिलांना दाखवला. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझ्या नावावरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. मावशींना मात्र देता आला नाही. "घरात नको," म्हणाल्या होत्या. आता पिशव्या त्यांना गावाजवळच मिळतात, कातडीही चांगली आहे, त्यामुळे इकडे येणं थांबलं. बरं झालेला पेशंट येत नाही, हेच तर आम्हाला हवं असतं.

कधी कधी फार वाटतं, जावं. त्या खरोखर काम करताना एकदा बघावं. हवेत नाही, खरोखरच्या कामावर चाललेले ते हात. पण दवाखान्यातली सिस्टर दारात उभी राहिली की शेजारी विचारणारच, ही कोण, कशासाठी आली? म्हणून जात नाही. बसस्थानकावर त्यांच्या गावाची गाडी लागलेली असते, कंडक्टर ओरडत असतो, आणि मी पाटी वाचून पुढं जाते.